मोहितो, दोन मिनिटं दहा सेकंद

बाणेरला एका रेस्टॉरंटचा बार मी सांभाळते, चौदा टेबलं, एक बारटेंडर, एक हेल्पर आणि एकच ब्लेंडर. गेल्या वर्षी पावसाळ्यात ड्रिंक्सची यादी नव्याने बसवली, तेव्हा जे काय काय झालं ते लिहून काढतेय, कारण हे काम करायच्या आधी मला वाटायचं की मेन्यू बनवणं म्हणजे चव बघायची, कॉस्टिंग काढायचं आणि छान नावं द्यायची, झालं.

जुन्या यादीत चोवीस ड्रिंक्स होती, कोणीतरी आधीच्या मॅनेजरने ठेवलेली, आणि कॉस्टिंगची शीट काढली तर एकदम गोड चित्र. व्हर्जिन मोहितो २२० ला विकतो, आमच्या भावाने माल लागतो साधारण २० रुपयांचा (लिंबू, पुदिना, साखरेचा पाक, सोडा, बर्फ, स्ट्रॉ), म्हणजे नऊ टक्के. मालक खूश. पण शनिवारी रात्री साडेनऊला बारच्या समोर वेटर लोकांची रांग, बीओटीची, म्हणजे बारच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, चळत खिळ्याला टोचलेली, टेबलवर स्टार्टर संपून मेन कोर्स आला तरी ड्रिंक नाही, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणतं राहू द्या आता, बिल आणा. ते जे ‘राहू द्या’ आहे ना ते कुठल्याच शीटमध्ये दिसत नाही. सेकंड राउंड जातो तो गुपचूप जातो.

मालकांचं म्हणणं होतं अजून एक बारटेंडर घेऊया का. मी म्हटलं घेऊ, पण तो उभा कुठे राहणार, आपला बार सात फुटाचा आहे.

मग दोन शनिवार मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बारच्या आत कोपऱ्यात उभी राहिले. बारटेंडर दादांना (बारा वर्षं या धंद्यात, माझ्यापेक्षा मोठे) आधीच सांगून ठेवलं की ही तुमची परीक्षा नाहीये, ड्रिंकची आहे, तरी पहिले अर्धा तास ते मुद्दाम जोरात हात चालवत होते हे मला कळत होतं, म्हणून तो अर्धा तास मी धरलाच नाही. नियम एकच ठेवला, ग्लासाला हात लागला की घड्याळ सुरू, ड्रिंक काउंटरवर ठेवून भांडं विसळून जागेवर गेलं की बंद. विसळणं धरलंच पाहिजे. बरेच लोक ड्रिंक ओतून झालं की मोजणं थांबवतात आणि मग आकडे छान येतात, पण शेकर धुतल्याशिवाय पुढचं ड्रिंक सुरू होत नाही ना.

मोहितो निघाला दोन मिनिटं दहा सेकंद. पुदिना निवडायचा, लिंबाच्या फोडी, साखर, मडलरने दाबायचं, बर्फ फोडायचा (आमच्याकडे क्रश्ड आइसचं मशीन नाही, फडक्यात बांधून लाटण्याने), सोडा, ढवळायचं, सजवायचं, मडलर विसळायचा. एलआयआयटी, म्हणजे लाँग आयलंड आइस्ड टी हे कॉकटेल, एक मिनिट पन्नास, कारण पाच बाटल्या पाच ठिकाणी. ब्लेंडरची तीन ड्रिंक्स होती, प्रत्येक दीड मिनिटाच्या वर, आणि त्यातली दोन एकाच टेबलवरून आली की दुसरं पहिल्याचं भांडं धुऊन होईपर्यंत थांबणारच. साधा पेग किंवा बिअर मात्र पंचवीस सेकंद.

आता हिशोब बघा. आमचा खरा मारामारीचा वेळ पावणेनऊ ते सव्वादहा, नव्वद मिनिटं. बिलिंगच्या रिपोर्टमधून काढलं तर त्या वेळात साधारण सत्तर पेग-बिअर आणि चौसष्ट मिक्स ड्रिंक्स. सत्तर गुणिले पंचवीस सेकंद म्हणजे एकोणतीस मिनिटं. मिक्स ड्रिंकचा सरासरी वेळ एकशे पाच सेकंद, गुणिले चौसष्ट, एकशे बारा मिनिटं. टोटल एकशे एक्केचाळीस मिनिटांचं काम आणि माणसाकडे नव्वद मिनिटं. हे कागदावर लिहिलं तेव्हा मी दादांना दाखवलं, ते म्हणाले, ‘ताई, एवढे दिवस मला वाटत होतं माझाच हात जड झालाय.’

तिथून माझं डोकं फिरलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. गर्दीच्या वेळेला आपण विकतो काय तर दादांची मिनिटं. म्हणून प्रत्येक ड्रिंकसमोर एक नवा कॉलम केला, मिनिटामागे किती रुपये उरतात. मोहितोत २०० रुपये उरतात पण १३० सेकंद खातो, म्हणजे मिनिटाला ९२. शेजारी एक पेरूचं ड्रिंक ट्राय करत होते, पॅकबंद पेरूचा रस, लिंबू, तिखट-मीठ. २१० ला विकायचं, माल २८ चा, म्हणजे तेरा टक्के, शीटवर मोहितोपेक्षा वाईट. पण उरतात १८२ आणि वेळ पस्तीस सेकंद, म्हणजे मिनिटाला ३१२. तिप्पट फरक, आणि जुन्या शीटवर तो उलटा दिसत होता.

(मालाचा खर्च धरताना एक गोष्ट, रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लावतो तेव्हा खरेदीवरचा जीएसटी परत मिळत नाही, त्यामुळे रसाच्या खोक्यावर भरलेला टॅक्स आपल्या खर्चातच घालायचा. माझ्या आधीच्या शीटमध्ये तो वगळलेला होता.)

पण हा कॉलम फक्त गर्दीत खरा आहे हे मला नंतर लक्षात आलं. मंगळवारी दुपारी दादा उभेच असतात, तेव्हा त्यांची दोन मिनिटं फुकट आहेत, तेव्हा जुनी टक्केवारीच बरोबर. त्यामुळे सगळी हळू ड्रिंक्स फाशी द्यायची गरज नाही, फक्त ती शनिवारी रात्री हातात पडता कामा नयेत.

आता सगळ्यात मोठा प्रश्न मोहितोचाच, कारण मिक्स ड्रिंकमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा त्याचा. दादा म्हणाले, ‘मोहितो काढला तर पब्लिक उठून जाईल.’ बरोबर होतं, काढायचा नव्हताच. त्यातलं रात्रीचं काम दुपारी न्यायचं होतं. म्हणून पुदिन्याचा पाक. पहिल्यांदा मी नुसता पुदिना आणि पाक मिक्सरला फिरवला, दोन तासात रंग असा झाला की डबक्याचं पाणी. मग वाचून, करून बघून कळलं की पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, त्याने पानं काळी पाडणारं एन्झाइम मरतं, मग पिळून थंड पाकात फिरवायची आणि बारीक कपड्यातून गाळायची. पाक थंडच हवा. असं केलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस हिरवा राहतो.

पहिल्या शनिवारी तरी घोळ झालाच. आमच्या हेल्पर पोराने डोकं लावलं, ताई दोन बाटल्या कशाला, लिंबाचा रस आणि पुदिन्याचा पाक एकातच घालून ठेवला, अजून दहा सेकंद वाचतील. विचार चुकीचा नव्हता, पण आंबटाने पुदिन्याचा हिरवा रंग खाकी होतो, आठ वाजता बाटली काढली तर उसाच्या रसासारखी. चव ठीक, पण तो रंग टेबलवर कोण घेणार. दोन लिटर गेलं. तेव्हापासून नियम, हिरवं आणि आंबट ग्लासातच भेटणार, त्या आधी नाही. ग्लासात पिऊन होईपर्यंत काही फरक पडत नाही.

आता मोहितो असा होतो, पाक, लिंबाचा रस, बर्फ, सोडा, चमच्याने खालून एकदा वर उचलायचं, आणि वर पुदिन्याचा तुरा तळहातावर एक चापट मारून ठेवायचा. बेचाळीस सेकंद. एका काकूंनी तक्रार केली होती की आत पानं दिसत नाहीत, म्हणजे हा मोहितो नाही, मी जाऊन सांगितलं की पानं स्ट्रॉमध्ये अडकायची म्हणून गाळून घेतलीत, त्या म्हणाल्या हां ते मात्र खरंय. वास सगळा त्या तुऱ्याचा असतो, ग्लास तोंडाजवळ नेला की नाकाला तोच लागतो, त्यामुळे त्यात कंजुषी करायची नाही, चार पानांचा धडधाकट तुरा. बर्फ फोडणं बंद केलं, साधे क्यूब. क्यूब हळू विरघळतात म्हणून ड्रिंक पहिल्या घोटाला जरा जास्त गोड लागतं, तर पाक पंचवीसचा वीस एमएल केला. हे असं असतं, एक गोष्ट हलवली की दुसरी हलते.

लिंबाचं वेगळं प्रकरण. शनिवारी लिटर-सव्वा लिटर रस लागतो, एका लिंबाला पंधरा एमएल धरलं तर सत्तर-ऐंशी लिंबं, दुपारी पिळायची. रस त्या दिवशीचा त्या दिवशीच, दुसऱ्या दिवशी कडवट लागतो, हे कोणी काहीही सांगो. आणि भाव. मार्केट यार्डात पावसाळ्यात लिंबू कोणी विचारत नाही आणि एप्रिल-मेमध्ये तेच लिंबू डोळे दाखवतं, २०२२ च्या एप्रिलमध्ये दहा-पंधरा रुपयाला एक झालं होतं ते आठवत असेल. तेव्हा मोहितोचा २० चा माल एकट्या लिंबानेच पार होतो. मेन्यू छापलेला असतो, भाव बदलता येत नाही. म्हणून उन्हाळ्यासाठी एक सोय करून ठेवली, ४० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, २० ग्रॅम मॅलिक अॅसिड, ९४० ग्रॅम पाणी, हे लिंबाच्या रसाइतकंच आंबट होतं. अर्धा ताजा रस, अर्धं हे. पूर्ण तेच घातलं तर आंबट लागतं पण लिंबू लागत नाही, अर्ध्याला मात्र आमच्यातल्या कोणालाच फरक कळला नाही, दादांना सोडून. दादांना कळला, पण त्यांनी मान्य केलं की सोड्यात चालेल, शेक करून देतो त्या सावर ड्रिंकमध्ये नको. तसंच ठेवलं.

यादीत मला कोकम हवंच होतं, पण एका ड्रिंकसाठी एक पाक बनवून ठेवला की अर्धा फेकला जातो हे जुन्या यादीने शिकवलं होतं (लॅव्हेंडर सिरपची बाटली, वर्षभर, एका ड्रिंकसाठी, काय सांगू). म्हणून ठरवलं की दुपारी बनणारी प्रत्येक गोष्ट निदान दोन ड्रिंकमध्ये गेली पाहिजे. कोकमाचा पाक सोड्यात जातो आणि जिन-टॉनिकमध्ये जातो, टॉनिकचा कडूपणा आणि कोकम फार छान जमतं, ते आमचं सगळ्यात जास्त विकलं जाणारं कॉकटेल झालं. अर्धा किलो सुकं कोकम दोन लिटर गरम पाण्यात चार तास, कुस्करून गाळायचं, जेवढा अर्क निघेल तेवढीच साखर, स्टीलच्या पातेल्यात साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, साधारण अडीच लिटर होतो. माल म्हणाल तर ग्लासाला पाचेक रुपये. यातही फसलो, एकदा बिनमिठाचं कोकम संपलं म्हणून पोरगं शेजारच्या दुकानातून मिठातली आमसुलं घेऊन आलं. अडीच लिटर खारट पाक. तो मी घरी नेला, आईने महिनाभर आमटीत घातला.

एलआयआयटी मला काढायचं होतं, खरं सांगते. पण मागणी थांबत नाही, आणि सगळी दारू आधी मिसळून एका बाटलीत भरून ठेवायची कल्पना मला पटली नाही, परमिट रूमच्या रजिस्टरमध्ये स्टॉक बाटलीनिहाय आणि पेगनिहाय जुळवावा लागतो, मिसळलेल्या बाटलीतला जिन किती आणि रम किती हे महिनाअखेरीला कोण सांगणार. म्हणून दारूविरहित भाग तेवढा आधी करायचा, लिंबू-पाकाचं मिक्स, आणि पाच बाटल्या एका ओळीत, उजव्या हाताला, ज्या क्रमाने ओतायच्या त्याच क्रमाने. एवढंच केलं. एक मिनिट पन्नासचं एक मिनिट पाच झालं, काहीही खर्च नाही. आधी टकीला मागच्या शेल्फवर होती कारण ती दिसायला छान दिसते. दादा दर एलआयआयटीला पाठ फिरवून दोन पावलं जायचे आणि पोराला धडकायचे.

पेरूच्या ग्लासाला मात्र तिखट-मिठाची कड लावायचा माझा हट्ट होता. फोटोत सुंदर येते. कड लावायला पंधरा सेकंद जातात, म्हणून संध्याकाळी वीस ग्लास आधी लावून ठेवले आणि जुलै महिना, पुण्याची हवा दमट, तासाभरात मीठ ओलं होऊन ग्लासावरून ओघळायला लागलं, ग्लास रडतोय असं वाटत होतं. आता वर एक चिमूट भुरभुरतो, तीन सेकंद. हिवाळ्यात परत कड लावून बघेन.

शेवटी यादी आली बारावर. पाच मॉकटेल, सात कॉकटेल. त्यात सहा ग्लासातच बनणारी, चार शेकरची, ब्लेंडरचं एकच. ही वाटणी मुद्दाम आहे, कारण आठ जणांचं टेबल आठ वेगवेगळी ड्रिंक्स मागवतं आणि सगळी शेकरची निघाली तर आपल्याकडे शेकर तीनच आहेत. बारावं म्हणजे आमचा आल्याचा गरम चहा-टॉडी, तो किचनमधून येतो, बारवर त्याचं ओझं नाही (शेफने यासाठी माझ्याकडून दोन रविवारची सुट्टी वसूल केली).

सरासरी वेळ पन्नास सेकंदांवर आला. चौसष्ट ड्रिंक्स म्हणजे त्रेपन्न मिनिटं, पेग-बिअर एकोणतीस, ब्याऐंशी. नव्वदमध्ये बसतं असं म्हणून मी खूश होते, पण पहिल्याच शनिवारी कळलं की ब्याऐंशी म्हणजे बसत नाही. ऑर्डर सरळ रेषेत येत नाहीत, नऊला एकदम तीन टेबलं बसतात, एक ग्लास फुटतो, सोड्याचा क्रेट बदलायचा असतो, आणि एकदा साठलेलं मागे पडलं की ते फेडायला रिकामी मिनिटंच शिल्लक नसतात. नव्वद मिनिटांत पासष्ट-सत्तर मिनिटांचंच काम असलं पाहिजे असं आता मी धरते. म्हणून बिअर उघडून द्यायचं काम पोराकडे दिलं, बिअरचा फ्रिज काउंटरच्या त्याच्या टोकाला सरकवला, त्यात पंधराएक मिनिटं सुटली.

मग पोरगं बोललं. बिचारं सहसा बोलत नाही. ‘ताई, दादांचं काम कमी झालं ते गेलं कुठे, माझ्याकडे आलं.’ लिंबं तो पिळतो, पुदिना तो निवडतो, कोकम तो गाळतो, वर रात्री बिअर. मी मिनिटं मोजली ती फक्त बारच्या पुढच्या बाजूची, दुपारची मोजलीच नव्हती. मोजली तर दोन तास निघाले. मालकांशी बोलून त्याला पाचऐवजी तीनला बोलवायचं आणि त्या दोन तासांचे दीडशे रुपये जास्त द्यायचे असं ठरलं. मिक्स ड्रिंकमागे दोन-अडीच रुपये पडतात. ते आता शीटमध्ये मालाच्या खर्चाखाली वेगळ्या ओळीत लिहिते, कारण तो खर्च आहेच. लिंबू पिळायचं हाताचं मशीन पण घेतलं.

बीओटी छापल्यापासून ड्रिंक टेबलवर जाईपर्यंतचा वेळ आता शनिवारी नऊ-दहा मिनिटांच्या वर क्वचित जातो, आधी पंचवीसपर्यंत जायचा. ‘राहू द्या’ पूर्ण बंद झालं नाही, कमी झालं.

डिसेंबरमध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे बॉक्स आले की मालकांना स्ट्रॉबेरी डॅकिरी हवी होती, ब्लेंडरवाली, दुसरं ब्लेंडर ड्रिंक. मी नाही म्हटलं नाही. खडूने फळ्यावर लिहिली, मंगळवार ते गुरुवार. शुक्रवारी संध्याकाळी सहाला दादा स्वतः येऊन फळा पुसतात.